धावत्या रिक्षेवर काय लिहावं, किती मोठं लिहावं

*नमस्कार दादा,*
*मी नाशिकला सिडकोत डब्यांचा व्यवसाय करते. दोन्ही वेळचे मिळून १४० डबे जातात, त्यातले बरेच सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत. मागच्या महिन्यात पांढरी, बंद पेटीची मालवाहू रिक्षा घेतली. मुलाने तिच्यासाठी डिझाइन करून घेतलंय. थाळीचा फोटो, ‘टिफिन सर्व्हिस’, आमचं नाव, पत्ता, आठवड्याचा मेनू, दोन फोन नंबर आणि क्यूआर कोड. कॉम्प्युटरवर फार छान दिसतं. पण रिक्षा चालू असताना यातलं कुणाला काय वाचता येईल, ही शंका मनातून जात नाही. पेटी बाजूने साडेपाच फूट लांब आणि चार फूट उंच आहे. मागे दोन दारं आहेत, दोन्ही मिळून चार फूट रुंद. काय ठेवू आणि काय काढू? सोबत चित्र पाठवते आहे. आमचं नाव छापू नका.*
*— एक वाचक, नाशिक*

ताई, तुमची शंका रास्त आहे. स्टिकरवाल्याला होकार देण्याआधी घरीच एक गोष्ट करून पाहा. पेटीच्या बाजूचं चित्र कागदावर ४.२ सेंटिमीटर रुंद छापून घ्या, म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान. तो कागद डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर धरा. रस्त्यात २० मीटरवरून जाणाऱ्या माणसाला तुमची साडेपाच फुटी पेटी नेमकी एवढीच दिसते. आता घरातल्या कुणाला तरी, ज्याने हे चित्र पाहिलेलं नाही अशा माणसाला, तो कागद एक सेकंद दाखवून पालथा करा आणि काय वाचलं ते विचारा. मी हे तुमच्या चित्रावर केलं. थाळीच्या जागी एक तपकिरी डाग दिसला, त्याच्या शेजारी काहीतरी लिहिलेलं आहे एवढं कळलं, आणि बाकी काहीच हाती लागलं नाही.

एकच सेकंद का, ते सांगतो. तुमची रिक्षा वस्तीतून साधारण ताशी ३० किलोमीटरने जाते, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. फुटपाथवरचा माणूस रिक्षेपासून आठ मीटरवर उभा आहे असं धरू. रिक्षा समोर येण्याआधी आणि समोरून गेल्यावर, दोन्हीकडे सुमारे ४५ अंशांपर्यंतच पेटीची बाजू नीट वाचता येते. त्यापलीकडे अक्षरं आडवी दबल्यासारखी दिसतात, ६० अंशांवर तर त्यांची रुंदी निम्मी वाटते. म्हणजे वाचण्याजोगा पट्टा १६ मीटरचा, आणि तो पार व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत. त्या माणसाची नजर सुरुवातीपासून तुमच्याच रिक्षेवर असेल असंही नाही. मध्ये एखादी स्कूटर येते, खांब येतो. हातात उरतो तो एक सेकंद, आणि एका सेकंदात माणूस दोन-तीन शब्द वाचतो. तुमच्या चित्रात मी मोजले तर मेनू धरून ४७ शब्द आहेत.

म्हणून बाजूवर दोनच गोष्टी ठेवा: काय मिळतं आणि कोणाचं. ‘टिफिन सर्व्हिस’ काढा आणि ‘घरचा डबा’ लिहा. हे मी मराठीच्या आग्रहापोटी म्हणत नाही, अक्षरांच्या बांधणीमुळे म्हणतो. ‘सर्व्हिस’ मोठ्याने म्हणा आणि मग लिहून बघा. मधल्या एकाच अक्षरावर रफार, वेलांटी आणि अर्धा ‘व’ एकमेकांच्या अंगावर चढतात. २० मीटरवरून तिथे नुसता गोळा दिसतो. ‘टिफिन’मध्ये दोन ऱ्हस्व वेलांट्या आहेत, त्यांच्यासाठी शिरोरेघेच्या वर जागा सोडावी लागते आणि तेवढी मूळ अक्षरं लहान होतात. आता ‘घरचा डबा’ बघा. शिरोरेघेच्या वर काही नाही आणि खालीही काही लोंबत नाही. एकही जोडाक्षर नाही. पाच अक्षरं, दोन काने. पट्टीची सगळी उंची अक्षरांच्याच वाट्याला येते.

अक्षर किती मोठं हवं, याचा माझा हिशेब सोपा आहे. वाचणारा जितके मीटर लांब, त्याच्या निम्मे सेंटिमीटर उंची. दहा मीटरवरून वाचायचं असेल तर पाच सेंटिमीटर आणि तीस मीटरवरून वाचायचं असेल तर पंधरा. उभं राहून निवांत वाचणाऱ्याला याहून लहानही चालतं, पण इथे गाडीही हलते आणि वाचणाराही, म्हणून एवढा हात सैल ठेवायचा. उंची मोजताना मात्र शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजा. वेलांटीचं टोक आणि उकाराची शेपटी धरायची नाही. स्टिकरवाले बहुतेकदा सगळं मिळून उंची सांगतात, आणि मग ‘आठ इंची अक्षर’ प्रत्यक्षात पाचच इंचांचं निघतं.

तुमच्या पेटीची बाजू १६८ सेंटिमीटर आहे. दोन्ही कडांना थोडी जागा सोडली की दीडशे उरतात. ठळक अक्षरांत ‘घरचा डबा’ची लांबी अक्षराच्या उंचीच्या पावणेसहा पट होते, म्हणजे उंची २५ सेंटिमीटर सहज मिळते. ती ५० मीटरवरून वाचता येते, अगदी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनेसुद्धा. त्याखाली तुमचं नाव १५ ते १८ सेंटिमीटरमध्ये येऊ द्या. बाकी सगळं पांढरं सोडा. मुलगा म्हणेल की एवढी जागा वाया जाते आहे. त्याला सांगा, ही मोकळी जागाच अक्षरांना मागच्या गर्दीतून उचलून धरते. तुमच्या चित्रात पत्त्याचं अक्षर तीन सेंटिमीटरचं आहे, ते सहा मीटरपर्यंतच वाचता येईल. रिक्षा सहा मीटरवरून जात असताना पत्ता वाचत बसेल असा माणूस मला तरी भेटलेला नाही.

डावी आणि उजवी बाजू सारखी नाही, हेही लक्षात घ्या. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे डावी बाजू फुटपाथकडे आणि दुकानांकडे असते. तिथले लोक जवळ असतात आणि पुष्कळदा उभेच असतात. तिथे दोन ओळी चालतात. उजवी बाजू दिसते ती समोरून येणाऱ्यांना. दोन्ही गाड्या ३० च्या वेगात असल्या तरी एकमेकींकडे ६० ने येत असतात. सेकंदाला साडेसोळा मीटर. तिथे ‘घरचा डबा’ वाचून झालं तरी खूप झालं.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती मी बरीच वर्षं काम केल्यावर शिकलो. डाव्या बाजूने बघणाऱ्याला रिक्षेचं तोंड त्याच्या डाव्या हाताला दिसतं. म्हणजे उभ्या बसच्या आडून रिक्षा बाहेर आली की आधी ‘घरचा’ दिसतं आणि मग ‘डबा’. वाचण्याच्या क्रमानेच सगळं उलगडतं. उजव्या बाजूला हे उलटं होतं. तिथे आधी ‘डबा’ बाहेर येतं आणि मागून ‘घरचा’. म्हणून उजवीकडे शेवटचा शब्द असा हवा की तो एकटा दिसला तरी अर्थ लागावा. ‘डबा’ एकटा पुरतो, ‘सर्व्हिस’ एकटं पुरत नाही. त्या बाजूला नाव लिहायचंच असेल तर ‘घरचा डबा’च्या खाली लिहा, शेजारी नको.

आता अक्षराच्या वळणाबद्दल, कारण जास्तीत जास्त पाट्या इथेच बिघडतात. देवनागरीत काही जोड्या अशा आहेत की त्यांच्यातला फरक डोक्यावरच्या एवढ्याशा फटीत असतो. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य. भ, ध आणि थ यांची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते. अक्षर फार जाड केलं की ती फट बुजते, आणि लांबून तर बुजतेच. ब आणि व यांच्यात पोटातली एक तिरकी रेघ, ष आणि प यांच्यातही तसंच. जवळून हे सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून प्रूफ बघताना कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्याच हातून असं झालं होतं. पुण्यात एका खानावळवाल्यांच्या टेम्पोवर मी ‘थाळी’ हा शब्द मोठ्या हौसेने, खूप जाड, कुंचल्याच्या वळणाचा काढून दिला होता. आठवड्याभराने एका सिग्नलला तोच टेम्पो दोन गाड्या पुढे उभा होता. माझ्या शेजारच्या स्कूटरवर वडिलांच्या मागे एक सात-आठ वर्षांचा मुलगा बसला होता. नवीन वाचायला शिकलेली मुलं जे दिसेल ते वाचतात, तसा तो वाचत होता. तो म्हणाला, “बाबा, याळी म्हणजे काय?” वडिलांनी वर बघितलं आणि तेही क्षणभर थांबले, मग म्हणाले, “थाळी आहे रे ते.” मोठ्या माणसाला संदर्भावरून शब्द लागतो, पण तेवढा क्षण जातो, आणि चालत्या गाडीला तोच क्षण असतो. मी दुसऱ्या दिवशी तो शब्द स्वखर्चाने बदलून दिला. तेव्हापासून थ, ध किंवा भ असेल तिथे रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शापेक्षा वाढू देत नाही, आणि डोक्यावरची फट मूळ फॉन्टपेक्षा थोडी रुंदच करून घेतो.

तुम्ही नाव छापू नका म्हणालात, तेव्हा एवढंच सांगतो की तुमच्या नावात भ आहे आणि एक जोडाक्षरही. नावाचा सुलेखनातला लोगो सुंदर आहे, तो बिलावर आणि डब्याच्या पिशवीवर जरूर ठेवा. रिक्षेवर मात्र नाव साध्या, उभ्या, मोकळ्या वळणाच्या फॉन्टमध्ये घ्या. मुक्ता हा फॉन्ट मोफत मिळतो, त्याची बोल्ड किंवा सेमीबोल्ड जाडी या कामाला चांगली आहे. अक्षरं दाबून अरुंद करू नका, कारण तिरक्या नजरेला ती आधीच दबलेली दिसतात. सावली, बाह्यरेषा, चकाकी हे सगळं काढून टाका.

फॉन्टवरून आठवलं. तुमच्या मुलाने केलेली फाइल स्टिकरवाल्याच्या मशिनवर उघडली की कधी कधी ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते किंवा जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त येतो. म्हणून फाइल देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्ह करून घ्या, म्हणजे फॉन्टवर न चालणाऱ्या नुसत्या आकृत्यांत बदलून घ्या, आणि कापायच्या आधी त्याच्या स्क्रीनवर स्वतः एकेक अक्षर वाचा. कापलेलं स्टिकर दुरुस्त होत नाही.

आता मागची बाजू. माझ्या मते रिक्षेची खरी पाटी हीच आहे आणि लोक तिचा सगळ्यात कमी विचार करतात. बाजूने बघणाऱ्याला सेकंद मिळतो, मागच्याला मिनिट मिळतं. त्र्यंबक रोडवर सकाळच्या पाळीच्या गर्दीत तुमच्या मागे अडकलेला दुचाकीवाला दहा-पंधरा मीटरवर असतो, सिग्नलला तर दोन-तीन मीटरवर, आणि त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं काहीच नसतं. शिवाय तो रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने कामाला जाणारा, दुपारी जेवणारा माणूस आहे. फोन नंबर द्यायचा तर इथेच.

तुमच्या मागच्या दारांची अडचण अशी की मधोमध फट आहे, तिच्यावर कडीची पट्टी आहे, आणि ओळ सलग लिहिली तर एखादं अक्षर बरोबर फटीत जाऊन तुटतं. हीच फट कामाला लावा. डाव्या दारावर ‘घरचा’ आणि उजव्या दारावर ‘डबा’. प्रत्येक दार ६१ सेंटिमीटर रुंद आहे. बिजागरी आणि कडी सोडून ५२ मिळतात. तेवढ्यात ‘घरचा’ १६ सेंटिमीटर उंचीने बसतं आणि ‘डबा’ही त्याच उंचीने येतो. फोन नंबरचंही तसंच करा. दहा आकडे, पाच डावीकडे आणि पाच उजवीकडे. आपण तोंडीसुद्धा नंबर बहुधा पाच-पाच करूनच सांगतो. आकडे १३ सेंटिमीटरचे येतील, म्हणजे २६ मीटरवरून स्वच्छ दिसतील.

नंबर एकच द्या, दोन नकोत. दोन नंबर दिसले की वाचणारा दोन्ही सोडून देतो. आणि तो नंबर व्हॉट्सॲपचा असू द्या, कारण अकरा ते एक या वेळात तुमचा हात फोडणीत असणार आणि फोन उचलला जाणार नाही. आकडे इंग्रजी वळणाचे घ्या, बाकी मजकूर मराठीच राहू द्या. देवनागरीतला १ घाईच्या नजरेला इंग्रजी 9 वाटतो, आणि नंबरातला एक आकडा चुकला तर सगळाच नंबर चुकला. अंबडमध्ये उत्तरेकडून आलेले बरेच कामगार आहेत. ते ‘घरचा डबा’ सहज वाचतात, पण फोन नंबर त्यांच्या डोळ्यांना इंग्रजी आकड्यांतच सवयीचा आहे.

‘घरचा डबा’ आणि नंबर यांच्या मध्ये एक छोटी ओळ ठेवा, आठ सेंटिमीटर उंचीची: सातपूर, अंबड, सिडको. तुम्ही कुठे डबा पोचवता हे कळल्याशिवाय नंबर घेऊन उपयोग नसतो, आणि यामुळे गंगापूर रोडवरून येणारे नको ते फोन कमी होतील. पेटीच्या तळाचे पंचवीस सेंटिमीटर मात्र मागेही आणि बाजूलाही कोरे ठेवा. पावसाळ्यात चाकाचा चिखल तिथेच उडतो. नंबर सगळ्यात खाली लिहिलेल्या गाड्या जुलैत बघा, शेवटचे आकडे मातीखाली गेलेले असतात.

क्यूआर कोड चालत्या गाडीवर निरुपयोगी आहे. कोड जेवढा रुंद, त्याच्या सुमारे दहापट अंतरावरून तो स्कॅन होतो. १५ सेंटिमीटरचा कोड दीड मीटरवरून. आणि कुणी दुचाकी चालवत फोन काढून तो स्कॅन करावा अशी आपलीही इच्छा नाही. पण त्याला एक फार चांगली जागा आहे: दारांची आतली बाजू. कारखान्याच्या गेटवर तुमचा माणूस दारं पूर्ण उघडून पेटीच्या अंगाला लावतो, तेव्हा दारांची आतली बाजू बाहेर दिसते, आणि नेमके त्याच वेळी वॉचमन, कंत्राटी कामगार, डबा न लावलेले लोक हातभर अंतरावर उभे असतात. एका दाराच्या आत आठवड्याचा मेनू आणि महिन्याचा दर, दुसऱ्याच्या आत क्यूआर. तिथे दोन सेंटिमीटरचं अक्षरही पुरतं. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही तिथेच लिहा, तो बघणारा जवळ येऊनच बघतो. एक मात्र होतं, उघडी दारं पेटीच्या बाजूचा मागचा ६१ सेंटिमीटरचा भाग झाकतात. त्या वेळी रिक्षा उभी असते, त्यामुळे बाजूचा मजकूर झाकला तरी बिघडत नाही.

थाळीचा फोटो काढून टाका. मला माहीत आहे, तो तुम्ही स्वतः वाढून काढलेला आहे आणि पोळीवरचं तूपसुद्धा दिसतं त्यात. पण वीस मीटरवरून भाजी, आमटी आणि पोळी यांचे रंग एकमेकांत मिसळतात. चित्र हवंच असेल तर कडीच्या डब्याची एका रंगातली भरीव आकृती घ्या, अक्षराच्या उंचीएवढी, ‘घरचा’च्या आधी. चार पुडांचा डबा लांबूनही बाह्याकृतीवरून ओळखू येतो. त्यासाठी अक्षरं मात्र २५ वरून २२ सेंटिमीटरवर आणावी लागतील. मी असतो तर डब्याचं चित्र फक्त डाव्या बाजूला घेतलं असतं.

रंगाचं थोडक्यात. रिक्षा पांढरी आहे, तिचा फायदा घ्या. पांढऱ्यावर गडद मरून किंवा गडद हिरवा, एकच रंग. पिवळी, केशरी अक्षरं पांढऱ्यावर दुपारच्या उन्हात विरून जातात, आणि तुमची मोठी फेरी दुपारचीच आहे. लाल अक्षरं हिरव्या पट्ट्यावर घेऊ नका. दोन्ही रंग सारखेच गडद असल्याने कडा थरथरल्यासारख्या दिसतात, आणि काही लोकांना ते दोन रंग वेगळे ओळखूच येत नाहीत. चकचकीत लॅमिनेशनऐवजी मॅट घ्या, नाहीतर ऊन परावर्तित होऊन अर्धा शब्द पांढरा दिसतो. असं असताना पूर्ण पेटीला छापील स्टिकर गुंडाळण्याची गरजच उरत नाही. रेडियमवाल्याकडून कापलेली अक्षरं घेतली की पुरतं. खर्च कमी होतो, आणि एखादं अक्षर उचकटलं तर तेवढंच बदलता येतं. अक्षरं रिव्हेटवर येणार असतील तर तिथे हीट गनने नीट बसवून घ्यायला सांगा, आणि दाराच्या कडेपासून दोन बोटं आत ठेवा. स्टिकर कडेकडूनच उचकटतं.

कायद्याचं बघताना चार गोष्टी पाळा. नंबर प्लेटवर किंवा तिच्या भोवती काही चिकटवू नका. मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या झाकू नका, आणि मागे पांढरी परावर्तक अक्षरं लावू नका. अंधारात मागून येणाऱ्याला गाडीची मागची बाजू लाल परावर्तकावरून ओळखू यायला हवी. काचांवर काहीही नको, पुढच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा असा नियम आहे. आणि पुढेमागे सगळ्या गाडीचा रंगच बदलावासा वाटला तर आरसी बुकातला रंगही बदलून घ्यावा लागतो, म्हणून मी तुम्हाला पांढरा तसाच ठेवायला सांगतोय. तुमची मालवाहू गाडी आहे, तरीही स्टिकर लावण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत एकदा चित्र दाखवून विचारून घ्या. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची प्रवासी परमिटची रिक्षा असेल, तर त्यांनी परवानगीशिवाय तिच्यावर काहीच लावू नये.

पैसे देण्याआधी शेवटची चाचणी रस्त्यावर करा. ‘घरचा डबा’ आणि तुमचं नाव झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदांवर काळ्या रंगात, ठरलेल्या मापात छापून घ्या. ‘घरचा’ला दोन-तीन कागद लागतील. ते मास्किंग टेपने पेटीच्या डाव्या बाजूला आणि मागे लावा. चालकाला ३० च्या वेगात दोन फेऱ्या मारायला सांगा. तुम्ही स्वतः बघू नका, तुम्हाला मजकूर पाठ आहे, त्यामुळे तुम्हाला तो कुठूनही दिसेल. शेजारच्या गल्लीतल्या, तुमचा व्यवसाय माहीत नसलेल्या तीन जणांना रस्त्याच्या पलीकडे उभं करा आणि रिक्षा गेल्यावर विचारा. त्यात एक चष्मेवाले आजोबा असले तर फार बरं. तिघांनाही ‘डबा’ कळला पण नाव कळलं नाही, तर ‘घरचा डबा’ थोडा लहान करा आणि नाव वाढवा. नाव चुकीचं वाचलं, तर त्यांनी काय वाचलं ते अक्षरशः लिहून ठेवा. तुमच्या नावातला ‘भ’ हा ‘म’ म्हणून वाचला गेला असणार असा माझा अंदाज आहे, आणि मग उपाय एवढाच की त्या भ च्या डोक्यावरची फट स्टिकरवाल्याला हाताने वाढवायला सांगायची. तीन मिलिमीटरनेही फरक पडतो.